दासनवमीच्या व्हिडिओखाली वाद पेटला तर कमेंट कशा सांभाळायच्या, आणि वर पिन काय करायचं

प्रश्न: आमचं साताऱ्याकडचं छोटं चॅनल आहे, यात्रा, पालख्या, कीर्तनं टाकतो. सज्जनगडच्या दासनवमीचा व्हिडिओ टाकला, टायटलमध्ये "शिवरायांच्या गुरूंचा उत्सव" असं होतं. आता खाली नुसती मारामारी चाललीय, जातीवरून शिव्या, गाव सांग येतो म्हणून धमक्या. कमेंट बंद करू का सगळ्या उडवू? आणि वर पिन करायला नेमकं काय लिहू?

उत्तर:

बंद पण करू नका आणि सरसकट उडवू पण नका. आधी कॉम्प्युटरवर YouTube Studio उघडा, त्या व्हिडिओच्या डिटेल्समध्ये जा, खाली Show more दाबलं की कमेंटची सेटिंग दिसते, तिथं Hold all करून ठेवा. आता नवीन येणारी कमेंट तुम्ही वाचून सोडल्याशिवाय कुणाला दिसणार नाही, आणि जुन्या आहेत तिथंच राहतील. Off केलं की जुन्या चांगल्या कमेंटपण दिसेनाशा होतात, त्या आजींनी लिहिलेलं असतं ना "घरबसल्या दर्शन झालं बाळांनो", तेपण जातं, आणि भांडणारे लगेच "घाबरले, तोंड लपवलं" म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरीकडं सुरू होतात. तिथं काय चाललंय ते तुम्हाला दिसतच नाही मग. मधला एक Pause म्हणून आहे, त्यात जुन्या दिसत राहतात पण नवीन टाकताच येत नाही, ते मी फक्त टीममधलं कोणीच मोकळं नसेल तेव्हा वापरतो. Hold all मध्ये अडकलेल्या कमेंट Held for review मध्ये ६० दिवसांपर्यंत पडून राहतात, त्यामुळं रात्री दोन वाजता उठून बघायची गरज नाही, सकाळी चहा घेऊन बसलात तरी चालतंय.

दुसरं काम टायटलचं. राग मानू नका, पण तुमच्या व्हिडिओखाली पहिली वादाची कमेंट तुमच्याच टायटलनं टाकलीय. समर्थ आणि शिवाजी महाराज, गुरू होते का नव्हते, हा वाद आपल्या साताऱ्यात काय नवा नाही, कितीतरी वर्षं चाललाय, त्यात दोन्ही बाजूंचे कागद ठरलेले आहेत, एकजण १६७८ ची चाफळची सनद पुढं करणार, दुसरा १६७२ चं पत्र काढून त्याआधी भेटच झाली नव्हती म्हणणार, आणि इतिहास शिकलेली माणसंसुद्धा त्यावर अजून भांडतायत. व्हिडिओ तुमचा कशाचा आहे? पालखी, भजन, गडावरची गर्दी, महाप्रसाद. मग टायटल "सज्जनगड दासनवमी उत्सव" एवढंच पाहिजे. थंबनेलवर तेच लिहिलं असेल तर तेपण बदला, आणि डिस्क्रिप्शन, हॅशटॅग पण बघून घ्या, बऱ्याचदा टायटल बदलतात आणि हॅशटॅगमध्ये तेच राहतं, मग कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट टाकतं की बघा कसे लबाड आहेत. बदल केलाय हे लपवायचं नाही, ते पिनमध्ये सरळ सांगायचं, त्यावर खाली येतोच.

आता जुन्या कमेंटकडं. इथं बहुतेक जण काय करतात, वरून खाली वाचत जातात आणि जे खटकेल ते उडवतात. याच्यात होतं काय की आपल्याला ज्या बाजूचं पटतं तिच्या शिव्या कमी खटकतात. मुद्दाम नाही करत कुणी, पण होतं. म्हणून आमच्याकडं नियम असा आहे की कमेंट खरी का खोटी हे बघायचंच नाही, ती कशाबद्दल बोलतीय एवढंच बघायचं, विषयाबद्दल का समोरच्या माणसाबद्दल. तुमच्यासारख्याच एका व्हिडिओखाली येणाऱ्या कमेंट मी खाली साध्या करून लिहितो, म्हणजे कळंल.

"१६७२ च्या आधी भेट झाल्याचा एक पुरावा दाखवा, नसेल तर टायटल काढा." ही राहणार. बोलणं जरा टोकदार आहे, तुम्हाला टोचतंय, पण बोलतोय तो विषयावर.

"चाफळची सनद वाचली का कधी? आधी वाचा मग बोला." हीपण राहणार. जरा तोरा आहे, असू दे.

"तुम्हा लोकांना दुसरं येतंय काय, तीनशे वर्षं हेच केलं." ही जाणार. इथं सनदही नाही आणि पत्रही नाही, समोरचा माणूस बाजूला राहिला आणि त्याची जात बोलायला घेतली. नाव न घेता घेतली तरी जातच आहे ती.

"कोण हाय रं हा, गाव सांग, रविवारी येतो भेटायला." ही नुसती काढायची नाही, हिचं वेगळं करायचंय, खाली सांगतो.

सगळ्यात डोकं खाणाऱ्या कमेंट म्हणजे आडून बोललेल्या. "साडेतीन टक्के", "ब्रिगेडी", हे शब्द आपल्याकडं कुणाला उद्देशून असतात हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, पण बाहेरच्या माणसाला किंवा यूट्यूबच्या फिल्टरला त्यात काहीच वावगं दिसणार नाही. इथं मी एकच बघतो, तो शब्द समोरच्या कमेंट करणाऱ्याला चिकटवलाय का. "ए साडेतीन टक्के, गप बस" किंवा "ब्रिगेडी आला बघा" असं असेल तर जाते, दोन्ही जातात, एक ठेवून दुसरी काढली की तुमची पत संपली. आणि कुणी इतिहासावर लिहिताना कुठल्या संघटनेचं नाव घेऊन टीका करत असेल तर राहू द्यायची. हे शंभर टक्के बरोबर जमत नाही, काही कमेंट मधेच लटकतात, तेव्हा त्या होल्डला टाकून टीममधल्या दुसऱ्याला दाखवायच्या.

काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, वरची मूळ कमेंट काढली की तिच्याखालची सगळी उत्तरं तिच्याबरोबर जातात. मूळ कमेंट शिवीची आणि तिच्याखाली पाच-सहा जणांनी नीट समजावून सांगितलंय, असं बऱ्याचदा असतं. मग ज्यांनी नीट लिहिलं तेच येऊन विचारतात आमचं काय चुकलं. तरीपण शिवी असेल तर मूळ काढावीच लागते, फक्त आधी बघून घ्या खाली काही कामाचं आहे का, असेल तर त्याला सांगता येतं की बाबा तुझी वेगळी टाक परत. उलट मूळ कमेंट चांगली आणि खालचं एखादं उत्तर घाण असेल तर फक्त ते उत्तर काढा, अख्खा धागा नका उडवू.

आता धमकीचं. हिला हात लावायच्या आधी पुरावा घ्यायचा. कमेंटवर नावाच्या शेजारी वेळ लिहिलेली असते, "२ तासांपूर्वी" वगैरे, त्या वेळेवर क्लिक केलं की तीच कमेंट सगळ्यात वर उघडते आणि अ‍ॅड्रेस बारमध्ये तिची स्वतंत्र लिंक येते. ती लिंक कॉपी करा, मग पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या ज्यात त्याचं @ वालं हँडल, कमेंट आणि तारीख वेळ सगळं दिसंल. नुसती कमेंट कापून काढलेला फोटो पोलिसांना काही कामाचा नाही, आणि नाव काय, लोक रोज बदलतात, हँडल आणि लिंक पाहिजे. हे झालं की मग रिपोर्ट, मग काढायची, मग त्या माणसाला Hide user from channel. हाईड केल्याचं त्याला कळवलं जात नाही, त्याच्या कमेंट इथून पुढं दुसऱ्यांना दिसत नाहीत एवढंच, त्यामुळं "मला ब्लॉक केलं" म्हणून दुसरा तमाशा होत नाही. नवीन अकाउंट काढून येणारे येतातच, तेवढं धरून चाला.

धमकीत ठिकाण, दिवस, "जमा व्हा" असलं काही असेल, किंवा कुणाचा नंबर, घर, दुकान टाकलं असेल, तर तो आता कमेंटचा विषय राहिला नाही. तुमच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला जाऊन सांगा, ऑनलाइन तक्रार cybercrime.gov.in वर करता येते, आणि आत्ता काही घडेल असं वाटलं तर ११२ लावा. आणि तो स्क्रीनशॉट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, "बघा काय लिहिलंय" म्हणून सुद्धा नाही. आपल्याच जिल्ह्यात खटाव तालुक्यात पुसेसावळीला सप्टेंबर २०२३ ला काय झालं हे सगळ्यांना आठवत असेल, सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून दंगल झाली, एक जीव गेला, जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. मूळ पोस्ट किती जणांनी बघितलेली असते हो, फिरत असतो तो स्क्रीनशॉट. दोन समाजात तेढ वाढवणं आणि मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं याला आता भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आणि २९९ आहेत, आधीचे आयपीसीचे १५३अ आणि २९५अ, आणि असला मजकूर पुढं ढकलणारा "मी फक्त दाखवलं" म्हणून सुटेलच असं नाही.

आता पिनवर येतो, कारण खरा प्रश्न तुमचा तोच आहे.

पिन म्हणजे तुमच्या चॅनलनं स्वतः एक नवीन कमेंट टाकायची आणि तिच्या तीन ठिपक्यातून Pin करायची. एका व्हिडिओला एकच पिन राहते, दुसरी केली की पहिली सुटते, आणि कुणाच्या कमेंटला दिलेलं उत्तर पिन होत नाही, मूळ कमेंटच पाहिजे. हे सांगतोय कारण बरेच जण भांडणाच्या धाग्यात खाली मोठं उत्तर लिहितात आणि मग पिनचा पर्याय शोधत बसतात. आणि मोबाईलवर लांब कमेंटच्या पहिल्या तीन-चार ओळीच दिसतात, बाकी "आणखी वाचा" खाली जातं, चिडलेला माणूस ते कधीच दाबत नाही. म्हणून महत्त्वाचं सगळं वर घ्यायचं.

तुमच्यासाठी मी असं लिहीन:

"नमस्कार मंडळी. हा व्हिडिओ सज्जनगडावरच्या दासनवमी उत्सवाचा आहे. आधीच्या टायटलमध्ये गुरू-शिष्य नात्याचा उल्लेख होता, तो आम्ही आज काढलाय, कारण व्हिडिओत त्या विषयावर काहीच नाही. तो वाद आम्ही इथं निकाली काढणार नाही.

विषयावर, कागदपत्रांवर कुणीही काहीही मांडा, दोन्ही बाजूंच्या कमेंट ठेवल्यात आणि ठेवू. ज्या कमेंटमध्ये जात काढलीय, शिवी आहे, कुणाचं गाव-नंबर आहे किंवा धमकी आहे ती जाईल, बाजू कुठलीही असो.

रविवारपर्यंत नवीन कमेंट आम्ही वाचून सोडतोय, सकाळी आणि संध्याकाळी. लगेच दिसली नाही तर परत परत टाकू नका. साधी कमेंट चुकून गेली असं वाटलं तर याच्याखाली लिहा, बघतो."

एवढंच. आता यात काय नाही ते बघा, कारण जे मुद्दाम वगळलंय तेच लोक घाईत घालतात.

जयकार नाही. दासनवमीचा व्हिडिओ म्हटल्यावर हात आपोआप "जय जय रघुवीर समर्थ" लिहायला जातो, आणि एरवी ते लिहायलाच पाहिजे, डिस्क्रिप्शनमध्ये लिहा की. पण पिनच्या सुरुवातीला ते आलं की अर्धी माणसं पुढचं वाचायच्या आधीच ठरवतात की हे त्या बाजूचे. "जय जिजाऊ" लिहिलं तर उरलेली अर्धी ठरवतात. "जय शिवराय" सगळ्यांचं आहे असं वाटतं खरं, पण या एका वादात तेसुद्धा बाजू घेतल्यासारखं दिसतं. म्हणून साधा नमस्कार.

"कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व" हे नाही. असं लिहिलं की एक बाजू त्याचा स्क्रीनशॉट घेऊन "माफी मागायला लावली" म्हणून फिरवते आणि दुसरी बाजू "कशाबद्दल माफी, चुकलं काय" म्हणून तुमच्यावर येते, म्हणजे शांत असलेले पण उठतात. टायटल बदललं, कारण सांगितलं, संपलं. व्हिडिओतच खरोखर चुकीचं काही असेल, म्हणजे निवेदनात एखाद्याचं नाव चुकलं किंवा तारीख चुकली, तर मात्र तेवढ्या चुकीची दुरुस्ती सरळ लिहायची, त्याला लाजायचं नाही.

कुणाचं नाव नाही. "अमुक भाऊंनी शांत राहावं" असं पिनमध्ये लिहिलं की त्या भाऊंचे सगळे मित्र गोळा होतात.

आणि "कारवाई केली जाईल" असली पोलीस पाटलाची भाषा नाही. "ती जाईल" एवढं पुरतं. जे करणार नाही ते लिहायचं नाही, आणि लिहिलं ते त्याच दिवशी करून दाखवायचं, पिन टाकल्यावरही जुन्या कमेंटमधली एखादी शिवी दोन तास तशीच राहिली तर पिनला कोण विचारतंय.

कारण भांडण आता पिनखाली सरकणार, हे धरूनच चला. पिनखालची जी पहिली उत्तरं तुम्ही वाचून सोडता त्यांच्यावरून बाकीच्यांना अंदाज येतो की इथं खरंच कुणी बघतंय का. साधारण तीन प्रकार येतात. एक, "मग आधी टायटल टाकलं का?" याला एकदाच उत्तर द्या, "बरोबर आहे, म्हणूनच बदललं," आणि पुढं गप्प. दुसरा, "दबावाला बळी पडला." याला उत्तर द्यायचंच नाही, कमेंट सोडायची, शिवी नाही त्यात. तिसरा म्हणजे थेट शिवी, ती सोडायचीच नाही. चॅनलच्या नावानं तुम्ही जितकं जास्त बोलाल तितकं लोकांना वाटतं की अजून ओढलं तर अजून बोलतील.

हार्टचं पण सांभाळा. चॅनलचं हार्ट दिलं की तुमचा छोटा फोटो त्या कमेंटखाली दिसतो आणि ज्याला दिलं त्याला नोटिफिकेशन जातं. वाद चालू असताना टीममधल्या कुणीतरी फोनवर सवयीनं एखाद्या कमेंटला हार्ट ठोकलं की लगेच "बघा चॅनल कुणाच्या बाजूला". त्या आठवड्यात त्या व्हिडिओवर हार्ट बंद, "छान व्हिडिओ" लिहिलंय त्याला पण नको, उगाच निवड केल्यासारखं दिसतं.

शब्दांचं फिल्टर, म्हणजे Settings मध्ये कम्युनिटीच्या भागात Blocked words, याच्यावर लोकांचा भलताच भरवसा असतो. ते वापरा, पण त्याच्या मर्यादा कळल्या पाहिजेत. त्यात टाकलेल्या शब्दासारखी कमेंट आली की ती रिव्ह्यूला थांबते. नवखा माणूस सगळ्यात आधी काय टाकतो, तर "जात". आणि मग "आम्ही दरवर्षी गडावर जात असतो", "बसनं जात होतो तेव्हा" असल्या सगळ्या भाविकांच्या कमेंट अडकून बसतात आणि खरी जातीवरून शिवी देणारा तो शब्द वापरतच नाही. तसंच जातींची नावं टाकू नका, आडनावं तर अजिबात नको, लोक अभिमानानं आपल्या समाजाच्या मानाच्या काठीबद्दल, पालखीबद्दल लिहीत असतात. फिल्टरमध्ये फक्त त्याच शिव्या घाला ज्यांचा दुसरा काही अर्थच होत नाही, आणि प्रत्येक शिवी देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरात दोन्हीकडं घाला, इंग्रजी अक्षरात तर एकाच शिवीची चार-चार स्पेलिंगं असतात. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की रूप बदलतं, त्यामुळं "च्या", "ला", "नो" लावलेली रूपं वेगळी घातलेली बरी. मधे चांदणी किंवा टिंब टाकून लिहिलेली शिवी यातून निसटते, ती तुम्हालाच वाचून पकडावी लागणार. "साडेतीन टक्के" घातलं तर सोसायटीच्या व्याजावर लिहिणारा अडकेल, पण दासनवमीच्या व्हिडिओखाली व्याजाबद्दल कोण लिहितंय, म्हणून ते वादाच्या आठवड्यापुरतं घालून मग काढलं तर चालतं. लिंक असलेल्या कमेंट अडवायचा पर्याय तिथंच आहे, तो मात्र कायम चालू ठेवा, वादात बाहेरच्या व्हिडिओच्या लिंका टाकून आग लावणारे लय असतात.

एक गोष्ट आवर्जून बघा, हा वाद तुमच्या नेहमीच्या प्रेक्षकांचा आहे का बाहेरून आणलेला आहे. Analytics मध्ये त्या व्हिडिओचे ट्रॅफिक सोर्स बघा. तुमच्या चॅनलला एरवी लोक होमपेजवरून, सर्चमधून, सबस्क्रिप्शनमधून येत असतील आणि अचानक External वाढलं, त्यात आत उघडल्यावर व्हॉट्सअ‍ॅप दिसलं, आणि बघायचा सरासरी वेळ घसरला, म्हणजे माणूस येतोय, व्हिडिओ न बघता खाली जातोय, लिहून निघून जातोय, तर समजायचं लिंक कुठल्यातरी ग्रुपवर "चला रे" म्हणून पडलीय. अशा वेळी समजावून काही होत नाही, ते परत वाचायलाच येणार नसतात. Hold all चालू ठेवायचं, शिवीवाल्या सोडायच्या नाहीत, आणि External खाली येईपर्यंत थांबायचं. याउलट नावं ओळखीची असतील, वर्षानुवर्षं कमेंट करणारी माणसं एकमेकांना भिडली असतील, तर पिनचा उपयोग होतो, कारण त्यांना तुमच्या चॅनलवर उद्या परत यायचंय.

टीमबद्दल थोडं. एकट्यानं हे करू नका. दोघं तरी पाहिजेत आणि शक्यतो दोघं एकाच भावकीतले, एकाच समाजातले नकोत, नाहीतर दोघांना एकच शिवी दिसणार आणि एकच शिवी दिसणार नाही. यूट्यूब मॉडरेटर नेमायला देतं, नवीन पोराला साधा म्हणजे Standard करा, सगळे अधिकार पहिल्या दिवशी नकोत. एक शीट ठेवा, त्यात कमेंटची लिंक, हँडल, काय केलं आणि का, एवढंच. "का" च्या रकान्यात "घाण बोलला" असं नाही, "जात काढली", "नंबर टाकला", "धमकी" असं पिनमधल्या शब्दातच लिहायचं. कुणी येऊन भांडायला लागला की माझीच का काढली, तर शीट बघून एका वाक्यात सांगता येतं. आणि संध्याकाळी एकदा शीटवर नजर टाका, काढलेल्या सगळ्या एकाच बाजूच्या दिसल्या तर उरलेल्या कमेंट दुसऱ्या माणसानं परत वाचायच्या. कधीकधी एका बाजूचेच लोक जास्त शिव्या देत असतात, तेव्हा आकडा तिरका येणारच, तो ओढूनताणून सारखा करायला निरपराध कमेंट उडवायची नाही.

सगळ्याच धार्मिक व्हिडिओंना हीच पिन चालत नाही हेपण सांगतो. सांगली जिल्ह्यात कडेगावच्या मोहरमच्या ताबुतांचे व्हिडिओ घ्या, ते उंच उंच ताबूत, हिंदू-मुसलमान मिळून करतात. तिथं खाली वाद वेगळाच असतो, मुसलमानांमधलेच काही म्हणतात हे धर्मात बसत नाही, काही म्हणतात ही आमच्या गावची पिढ्यानपिढ्यांची रीत आहे, आणि हिंदूंमधलेही काही विचारतात तुम्ही त्यात कशाला. इथं टायटलचा काही दोष नाही, व्हिडिओ ज्याचा आहे त्याच्यावरच वाद आहे, म्हणून "तो विषय व्हिडिओत नाही" असं लिहिताच येत नाही. तिथं पिनमध्ये लिहायचं की गावात हे असं होतं ते आम्ही दाखवलंय, पटतं का नाही ते मांडा, फक्त समोरच्याला "तू मुसलमानच नाहीस", "तू हिंदूच नाहीस" असं म्हटलेली कमेंट जाईल. घरातल्या वादात शिवीपेक्षा हे वाक्य जास्त लागतं, आणि फिल्टरला यातलं काही कळत नाही. धर्मात बसतं का नाही याचे दाखले देणाऱ्या लांबलचक कमेंट मात्र ठेवायच्या, कितीही कंटाळवाण्या असल्या तरी.

तुमच्याकडं परत येतो. रविवारी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा कारण पिनमध्ये तारीख दिलीय. Held for review मध्ये त्या दिवशी शिव्यांपेक्षा पालखी, प्रसाद, "पुढच्या वर्षी कधी आहे" असल्या कमेंट जास्त दिसायला लागल्या की Hold all वरून Strict वर या, त्यात यूट्यूबला शंका आली तेवढ्याच थांबतात. अजून दोन-तीन दिवस ठीक गेलं की Basic. तसं झालं नाही तर पिन एडिट करून तारीख बुधवार करा, गुपचूप पुढं ढकलू नका, लोक मोजत असतात. आणि सगळं निवलं की ही पिन काढून दुसरी करा, गडावर जायला परळीवरून रस्ता कसा आहे, प्रसादाची वेळ काय, उत्सव माघ वद्य नवमीला असतो तर पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला येतोय. वादाची पिन महिनोन्महिने वर तशीच राहिली तर नवीन येणारा माणूस दर्शनाला यायच्या ऐवजी पहिलं तेच वाचतो आणि विचारतो, काय वाद झाला होता हो?